ताप कोणत्या दिवशी आला?

मोठ्या तापानंतर पाळी पुढे गेली की ताप किती चढला होता, १०२ की १०४, हे सगळ्यांना आठवत असते. ताप आला तेव्हा पाळीचा कितवा दिवस होता, हे मात्र कोणी विचारत नाही. पाळी किती लांबेल याचा अंदाज बांधायचा असेल तर हा दुसरा आकडा जास्त उपयोगी पडतो. धर्माबादसारख्या गावात पावसाळा सरता सरता टायफॉइड, डेंग्यू, मलेरिया यांचे रुग्ण घरोघरी असतात. त्यानंतरच्या महिन्यात 'तारीख चुकली' म्हणून डॉक्टरकडे येणाऱ्या बायकांचा त्या तापांशी संबंध असतो, पण तो 'अंगात उष्णता शिरली' या प्रकारचा नसतो.

आधी पाळीचे गणित पाहू. दोन पाळ्यांमधले अंतर, म्हणजे पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंतचे दिवस, २४ ते ३८ यांमध्ये असले तर ते सामान्य मानतात. या काळाचे दोन भाग असतात. पहिल्या भागात बीजांडकोशातले एक बीज वाढून पक्व होते आणि बाहेर पडते. दुसऱ्या भागात गर्भाशयाचे अस्तर गर्भाची वाट पाहते आणि गर्भ राहिला नाही तर गळून पडते. दुसरा भाग बहुतेक बायकांत बारा ते चौदा दिवसांचा असतो आणि त्यात फारसा बदल होत नाही. लांबतो किंवा आखडतो तो पहिला भाग. म्हणून पाळी दहा दिवस उशिरा आली याचा अर्थ बहुधा इतकाच असतो की बीज दहा दिवस उशिरा बाहेर पडले.

ते का उशिरा पडते याचे कारण मेंदूत आहे. मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस ठरावीक अंतराने एका संप्रेरकाचे ठोके देत असतो. चक्राच्या पहिल्या भागात हे ठोके साधारण तासा-दीड तासाने पडतात. त्यांच्यावर पिट्युटरी ग्रंथी चालते आणि पिट्युटरीच्या हुकमावर बीजांडकोश. शरीरात जंतूंशी झुंज सुरू झाली की प्रतिकारशक्तीच्या पेशी जी रसायने रक्तात सोडतात, त्यांपैकी काही मेंदूला ताप चढवायला सांगतात आणि तीच या ठोक्यांचा वेगही मंदावतात. आजारात वाढणारे कॉर्टिसॉल त्याला साथ देते. हे आधी मेंढ्यांवर पाहिले गेले. बीज पक्व होण्याच्या काळात मेंढीला जिवाणूंच्या कवचातला विषारी अंश टोचला की हे ठोके मंदावतात आणि बीज बाहेर पाडणारी संप्रेरकाची लाट उशिरा येते. आजारी शरीर गर्भधारणेचे काम पुढे ढकलते. यात बिघाड कसलाच नाही, उलट व्यवस्था नीट चालू असल्याची ती खूण आहे.

आता एक उदाहरण तारखांसह पाहू. धर्माबादच्या बाजारात हंगामात मिरचीचे देठ काढायला जाणारी सत्तावीस वर्षांची एक बाई आहे असे समजा. तिची पाळी अठ्ठावीस दिवसांची, नेमाची आहे. ३ ऑगस्टला पाळी आली. १० ऑगस्टपासून ताप, चौथ्या दिवशी रक्त तपासून टायफॉइड निघाला, औषध सुरू झाले आणि १७ तारखेला ताप उतरला. एरवी तिचे बीज १७ ऑगस्टच्या आसपास बाहेर पडले असते आणि ३१ ऑगस्टला पाळी आली असती. पण बीज वाढण्याचे नेमके दिवस तापात गेले. ताप उतरला, जेवण सुरू झाले, आणि बीज २८ ऑगस्टला बाहेर पडले. तिथून चौदा दिवस, म्हणजे ११ सप्टेंबर. हे चक्र ३९ दिवसांचे झाले. ३१ ऑगस्ट ते ११ सप्टेंबर घरात जी काही चर्चा झाली असेल ती झाली असेल, पण पुढची पाळी ९-१० ऑक्टोबरला आली आणि गाडी रुळावर लागली.

तोच ताप तिला २० ऑगस्टला आला असता तर? बीज १७ तारखेलाच बाहेर पडून गेले होते. दुसऱ्या भागाचे घड्याळ सुरू झाले होते आणि ते तापाने सहसा थांबत नाही. पाळी ३१ ऑगस्टच्या आसपासच आली असती, फार तर एक-दोन दिवस इकडेतिकडे. ताप तोच, औषध तेच, अशक्तपणा तोच, तरी एका घरात पाळी चुकली आणि शेजारच्या घरात चुकली नाही, याचा उलगडा इथे होतो. फक्त दुखणे लांबले आणि अन्नावरची वासना परतली नाही, तर त्याचा परिणाम पुढच्या चक्रावर दिसतो. अशा वेळी ताप ऑगस्टमधला आणि उशीर ऑक्टोबरमधला असतो, आणि दोन्हींचा संबंध लक्षातही येत नाही.

या उदाहरणातून आणखी एक गोष्ट निघते आणि ती दवाखान्यातही अनेकदा निसटते. ही बाई विवाहित आहे आणि पाळी चुकली आहे, म्हणून आशाताईंकडून गर्भतपासणीची निश्चय पट्टी आणून तिने ८ सप्टेंबरला लघवी तपासली असे धरा. तपासणीत काही आले नाही, म्हणून ती निर्धास्त झाली. पण बीज २८ ऑगस्टला बाहेर पडले असेल, तर ८ सप्टेंबरला अकराच दिवस झालेले असतात. तेव्हा गर्भ राहिलेला असला तरी पट्टीवर दुसरी रेघ उमटेलच असे नाही. म्हणून तापानंतर पाळी लांबली असेल आणि पहिली तपासणी कोरी आली असेल, तर आठवड्याने दुसरी करायलाच हवी. मधल्या काळात पाळी आणण्याच्या गोळ्या मेडिकलमधून आणून घेऊ नयेत. त्याच कारणाने 'सुरक्षित दिवस' मोजणाऱ्या जोडप्यांचा हिशोबही या महिन्यात कोलमडतो. एरवी पंधराव्या दिवशी पडणारे बीज या खेपेला सव्विसाव्या दिवशी पडते, म्हणजे निर्धोक समजल्या गेलेल्या दिवसांतच.

रक्तस्रावाचे प्रमाण ही वेगळी बाजू आहे. कधी कधी त्या महिन्यात बीज बाहेर पडतच नाही. तसे झाले तर अस्तराला आवरून धरणारे प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही. अस्तर इस्ट्रोजेनच्या जोरावर वाढत राहते आणि मग वेडेवाकडे, एकदम किंवा तुकड्यातुकड्याने तुटते. उशिरा आलेली पाळी जास्त जाते आणि जास्त दिवस जाते, याचे एक मोठे कारण हे. याउलट कधी पहिल्या पाळीत नुसतेच डाग पडतात. दोन्ही प्रकार एकेकदा झाले तर चालतात. किती जाते हे मोजायला मात्र काही माप हवे. सलग दोन तास दर तासाला एक पॅड किंवा एक घडी कापड पूर्ण भिजत असेल, दहा रुपयांच्या नाण्याहून मोठ्या गाठी पडत असतील, आठ दिवसांहून जास्त जात असेल, तर ते 'तापामुळे असेल' म्हणून सोडून द्यायचे नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांमध्ये रक्ताची कमतरता आढळली होती. आधीच दहाच्या खाली हिमोग्लोबिन असलेल्या बाईला दोन जड पाळ्या पुरेशा होतात.

डेंग्यूचा विचार वेगळा करावा लागतो, कारण तिथे प्रश्न पुढच्या महिन्याचा नसून त्याच आठवड्याचा असतो. डेंग्यूत ताप उतरण्याच्या सुमारास, म्हणजे साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात, प्लेटलेट सर्वांत खाली जातात. त्याच दिवसांत पाळी आली तर ती जड जाऊ शकते. पोटात दुखते म्हणून बायका सवयीने मेफेनॅमिक अ‍ॅसिडची गोळी घेतात, जी बाजारात मेफ्टाल या नावाने सर्वांच्या ओळखीची आहे. ही गोळी, तसेच आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक आणि अ‍ॅस्पिरिन, डेंग्यूचा संशय असताना टाळायच्या असतात, कारण त्यांनी रक्तस्राव वाढतो. त्या दिवसांत दुखण्यावर आणि तापावर पॅरासिटामॉलच घ्यावे. ताप उतरला म्हणून हुश्श करण्याच्या क्षणीच पाळी सुरू झाली असेल, तर प्लेटलेट तपासून घ्याव्यात.

आजार मोठा असेल, अतिदक्षता विभागात राहावे लागले असेल, तर किती दिवस थांबायचे? इथे मोजणी आजार सुरू झाल्यापासून करायची नाही. बाई उठून नेहमीसारखे जेवायला लागली तिथून करायची. चीनमधल्या वुहान शहरात कोरोनाने आजारी पडलेल्या बायकांचा अभ्यास झाला. पाळीची नोंद असलेल्या १७७ जणींपैकी साधारण चौथा हिस्सा बायकांत पाळीच्या प्रमाणात बदल झाला होता आणि २८ टक्क्यांत अंतरात. बहुतेकींची पाळी लांबली होती किंवा कमी जात होती. दवाखान्यातून घरी गेल्यावर एक-दोन महिन्यांत जवळपास सर्वांचे अंतर पूर्ववत झाले. रक्तस्रावाचे प्रमाण सुधारायला मात्र थोड्या जणींना त्याहून जास्त वेळ लागला. यातून एक ढोबळ नियम निघतो: आठवड्याभराच्या तापानंतर बहुधा एकच पाळी बिघडते, कधी दोन. मोठ्या आजारानंतर दोन ते तीन. वजन फार उतरले असेल तर ते भरून येईपर्यंत पाळी थांबूही शकते. मूळ वजनाच्या दहा-पंधरा टक्के वजन गेले की मेंदू ते ठोके सोडायला कचरतो, मग ताप केव्हाच गेलेला असो. अशा बाईला संप्रेरकाच्या गोळ्या देऊन पाळी आणली तरी मूळ प्रश्न तसाच राहतो. तिला आधी भाकरी, डाळ, शेंगदाणे, अंडी पोटभर मिळायला हवीत.

औषधांचाही यात हात असतो. तापात उलट्या थांबवायला दिलेले डोमपेरिडोन किंवा मेटोक्लोप्रमाइड, आणि पोटाच्या तक्रारींवर सर्रास दिले जाणारे लेव्होसल्पिराइड, ही प्रोलॅक्टिन वाढवतात. ही औषधे आठवडेच्या आठवडे चालू राहिली तर पाळी लांबते, कधी स्तनातून पाण्यासारखा किंवा दुधासारखा स्राव येतो. आजार गेला, पाळी आली नाही, आणि गोळ्यांच्या पाकिटात हे नाव दिसले, तर ते डॉक्टरांना दाखवावे. तीन महिन्यांनी घ्यायचे अंतरा इंजेक्शन चालू असेल तर पाळी न येणे हा त्या इंजेक्शनचा नेहमीचा परिणाम असतो, त्याचे खापर तापावर फोडू नये. आणि क्षयरोगाच्या औषधांतले रिफॅम्पिसिन गर्भनिरोधक गोळ्यांचा जोर कमी करते. त्यामुळे माला-एन घेणारीला पाळीच्या मध्येच डाग दिसू शकतात आणि गर्भही राहू शकतो.

आता लशीकडे येऊ. १ मे २०२१ पासून अठरा वर्षांवरच्या सर्वांना कोरोनाची लस खुली होणार होती. त्याआधीच्या आठवड्यात देशभर मोबाइलवर एक निरोप फिरला: पाळीच्या पाच दिवस आधी आणि पाच दिवस नंतर मुलींनी लस घेऊ नये, त्या काळात प्रतिकारशक्ती कमी असते. पत्र सूचना कार्यालयाने २४ एप्रिलला तो निरोप खोटा असल्याचे जाहीर केले. पाळीचे दिवस धरले तर त्या निरोपाने महिन्यातले जवळजवळ पंधरा दिवस बायकांना बंद करून टाकले होते, आणि तेही लस सहजी मिळत नव्हती त्या दिवसांत. निरोपाला आधार काहीच नव्हता. पण लशीचा पाळीशी काहीही संबंध नाही, असे जे ठासून सांगितले गेले, तेही पूर्ण खरे नव्हते. बायका म्हणत होत्या की फरक पडतोय, आणि तो मोजायला कोणी बसले नव्हते. १९१३ सालीच टायफॉइडची लस घेतलेल्या बायकांत पाळी चुकणे, लवकर येणे, जास्त जाणे अशा नोंदी झाल्या होत्या, तरीही एका शतकानंतर नव्या लशींच्या चाचण्यांत पाळीचा प्रश्न विचारला गेला नाही. हा हलगर्जीपणाच होता, आणि अफवेला जागा मिळाली ती त्यामुळे.

मोजणी पुढे झाली. अमेरिकेतल्या अ‍ॅलिसन एडलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये अनेक देशांतल्या १९,६२२ बायकांच्या तारखा तपासल्या. त्या तारखा मोबाइलवर आधीपासूनच नोंदल्या जात होत्या, म्हणून नंतर आठवून सांगण्यातला घोटाळा टळला. लस घेतलेल्या १४,९३६ जणींत डोसच्या महिन्यातले अंतर सरासरी एका दिवसाहूनही कमी वाढले होते. एकाच चक्रात दोन्ही डोस झालेल्यांत ते सरासरी पावणेचार दिवसांच्या आसपास गेले. पुढच्या चक्रात बहुतेकींचे अंतर पूर्ववत झाले. पाळी किती दिवस जाते, यात फरक पडला नाही. त्याच संशोधकांच्या पुढच्या अभ्यासात उशीर दिसला तो बीज बाहेर पडण्याआधी लस घेतलेल्यांत, नंतर घेतलेल्यांत नाही. टायफॉइडच्या उदाहरणात आपण पाहिले तेच इथेही घडते. लशीचा ताप दिवस-दोन दिवसांचा, म्हणून धक्काही तेवढाच.

आपल्याकडे एकाच चक्रात दोन डोस होण्याची वेळ फारशी आली नाही. कोव्हिशील्डच्या दोन डोसांतले अंतर १३ मे २०२१ ला बारा ते सोळा आठवडे केले गेले. कोव्हॅक्सिनचे अंतर अठ्ठावीस दिवसांचे होते, त्यामुळे बत्तीस-पस्तीस दिवसांची पाळी असलेल्या मोजक्या बायका त्यात सापडल्या असतील, इतकेच.

त्याच अभ्यासातला दुसरा आकडा जास्त विचार करण्याजोगा आहे. आठ दिवस किंवा त्याहून जास्त फरक पडलेल्या बायका लस घेतलेल्यांत ६.२ टक्के होत्या आणि लस न घेतलेल्यांत ५ टक्के. म्हणजे शंभर बायका घेतल्या तर पाच जणींची पाळी त्या महिन्यात काही न करताही आठवडाभर सरकणारच होती. गावात एकाच आठवड्यात सगळ्यांना लस टोचली गेली की या पाच जणींनाही तेच कारण सापडते. त्यांचा अनुभव खरा असतो, चुकते ते फक्त कारण. शंभरात त्यांच्यापलीकडे एखाद-दुसरी उरते, तिच्या बाबतीत लस हे कारण असू शकते. रक्तस्राव जास्त जाण्याबद्दल पुरावा थोडा वेगळा आहे. युरोपच्या औषध नियामक संस्थेने ऑक्टोबर २०२२ मध्ये फायझर आणि मॉडर्ना यांच्या लशींच्या माहितीपत्रकात 'जास्त मासिक रक्तस्राव' हा शक्य परिणाम म्हणून घालायला सांगितले, आणि असे बहुतेक प्रकार सौम्य व तात्पुरते होते हेही नोंदवले. भारतातल्या लसीकरणात या दोन्ही लशी नव्हत्या.

मुदती बांधून घ्यायच्या त्या अशा. लशीनंतर एका पाळीपेक्षा जास्त काळ गडबड चालली तर लशीवर थांबू नये, दुसरे कारण शोधावे. साध्या तापानंतर दोन पाळ्या. कोणत्याही आजारानंतर, एरवी नेमाने येणारी पाळी सलग तीन महिने आलीच नाही, तर तपासणी हवी: गर्भ, थायरॉइड, प्रोलॅक्टिन, हिमोग्लोबिन आणि पोटाची सोनोग्राफी. संध्याकाळचा बारीक ताप, वजन घटणे, खोकला आणि त्याबरोबर पाळी कमी कमी होत थांबणे, ही साखळी दिसली तर क्षयाचा विचार आधी करावा. गर्भाशयाचा क्षय अस्तर कायमचे खराब करू शकतो आणि तिथे वाट पाहिल्याने नुकसान होते. पंचेचाळीशीच्या बाईची पाळी तापाच्या निमित्ताने थांबली ती पुन्हा आलीच नाही, असेही होते. तिची पाळी जाण्याची वेळ जवळच आलेली असते. पण पाळी जाऊन वर्ष झालेल्या बाईला लशीनंतर किंवा तापानंतर रक्त दिसले, मग ते थेंबभर का असेना, तर ते तात्पुरते मानू नये. धर्माबादच्या ग्रामीण रुग्णालयातून नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जाऊन अस्तराची तपासणी करून घ्यावी.

मराठवाड्यात हे लिहिताना पिशवीचा विषय टाळता येत नाही. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला आणि चौकशी समिती बसली. तिशीतल्या, कधी त्याहूनही लहान बायकांच्या पिशव्या जास्त रक्तस्राव, पोटदुखी, पांढरे जाणे अशा तक्रारींवरून काढल्या गेल्या होत्या. तापानंतर बिघडलेल्या एक-दोन पाळ्या हे पिशवी काढण्याचे कारण होऊ शकत नाही. कोणी तसे सांगितले तर तापाच्या आणि पाळीच्या तारखा कागदावर लिहून दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा, आणि शस्त्रक्रियेची तारीख त्यानंतरच ठरवा.